झटपट कर्जाचे ॲप खरे की खोटे: ‘Allow’ दाबण्यापूर्वीची तपासणी

भारतीय रिझर्व्ह बँकेने 8 मे 2025 रोजी डिजिटल कर्जवाटपाविषयीचे नवे निर्देश जारी केले आणि त्यानुसार 1 जुलै 2025 पासून बँका व बिगर-बँक वित्तीय कंपन्या वापरत असलेल्या कर्ज ॲपची यादी आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. त्याआधी सामान्य कर्जदाराला एखादे ॲप खरोखर कोणत्या वित्तसंस्थेचे आहे हे तपासण्यासाठी एकच सरकारी ठिकाण उपलब्ध नव्हते. ॲपवाल्याने जे सांगितले त्यावर विश्वास ठेवायचा, किंवा ओळखीच्या कुणाला विचारायचे, एवढाच मार्ग होता. यादी आली म्हणून प्रश्न सुटला असे मात्र झालेले नाही. ती कशी वाचायची, तिच्यावर कितपत विसंबायचे आणि ती काय सांगत नाही, हे समजून घेतल्याशिवाय तिचा उपयोग अर्धाच होतो.

हा विषय परदेशस्थ मराठी माणसाला वाटतो तितका दूरचा नाही. खोटे कर्ज ॲप फोनमधील संपर्कांची यादी उचलते तेव्हा त्या यादीतील दुबईचा, मस्कतचा किंवा लंडनचा क्रमांकही उचलला जातो. कर्ज घेणारा सांगलीत असतो आणि शिवीगाळीचा संदेश शारजातील थोरल्या भावाला येतो. पुष्कळदा वसुली करणाऱ्यांना परदेशातील क्रमांकच अधिक मोलाचा वाटतो, कारण तिथे पैसा आहे आणि घराण्याच्या अब्रूची धास्तीही अधिक, असा त्यांचा हिशेब असतो.

या धंद्याची रीत 2020 च्या अखेरीस प्रथम मोठ्या प्रमाणावर उघडकीस आली. टाळेबंदीने रोजगार गेलेल्या लोकांना सात-सात दिवसांच्या मुदतीने लहान रकमा देणारी असंख्य ॲप तेव्हा बाजारात होती. तेलंगणात आत्महत्यांच्या घटनांनंतर हैदराबाद पोलिसांनी डिसेंबर 2020 मध्ये अटकसत्र सुरू केले. पुढे रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2021 मध्ये एक कार्यगट नेमला. त्याला जानेवारी आणि फेब्रुवारी 2021 या दोन महिन्यांच्या शोधात भारतीय अँड्रॉइड वापरकर्त्यांसाठी सुमारे 1,100 कर्ज ॲप आढळली. त्यांतील सुमारे 600 बेकायदा होती. म्हणजे त्या काळात डोळे मिटून एखादे ॲप निवडणाऱ्याच्या हाती बेकायदा ॲप लागण्याचीच शक्यता अधिक होती.

या व्यवसायात व्याज हे उत्पन्नाचे साधन असले, तरी वसुलीचे तारण म्हणजे फोनमधील संपर्क आणि छायाचित्रे. जुना सावकार जमिनीचा कागद किंवा दागिना ठेवून घेत असे. हा नवा सावकार कर्जदाराचे नातेवाईक, कार्यालयातील वरिष्ठ, मुलीच्या सासरची माणसे यांचे क्रमांक ठेवून घेतो. हप्ता चुकला, आणि कित्येकदा चुकला नसतानाही, छायाचित्रात फेरफार करून अश्लील चित्र तयार केले जाते आणि ते या क्रमांकांवर पाठवले जाते. ज्याच्याकडे हे तारण नाही, त्याच्याकडून सात दिवसांत दीडपट रक्कम वसूल करण्याची ताकद अशा ॲपकडे उरत नाही. म्हणूनच संपर्क आणि छायाचित्रांची परवानगी ही त्याच्या दृष्टीने कर्जाच्या करारापेक्षाही महत्त्वाची असते.

इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. परवानगी दिल्यानंतर संपर्कांची यादी दूरच्या सर्व्हरवर नकलून नेण्यास काही क्षण पुरतात. नंतर परवानगी काढून घेतली, ॲप पुसून टाकले, फोन बदलला, तरी गेलेली नक्कल परत येत नाही. त्यामुळे ‘आधी घेऊन पाहू, नको वाटले तर काढून टाकू’ हा नेहमीचा व्यवहार इथे निरुपयोगी ठरतो. तपासणी करायची ती ‘Allow’ या बटणावर बोट ठेवण्यापूर्वीच, आणि शक्य असेल तर ॲप फोनवर घेण्यापूर्वी.

नियम काय सांगतात ते पाहिले तर या परवानगीबाबत फारशी संदिग्धता राहत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2 सप्टेंबर 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत आणि त्यांची जागा घेणाऱ्या 2025 च्या निर्देशांत स्पष्ट म्हटले आहे, की कर्ज ॲपने फोनमधील फाइल व माध्यमे, संपर्कांची यादी, कॉलची नोंद आणि दूरध्वनीविषयक सुविधा यांना हात लावू नये. कॅमेरा, मायक्रोफोन आणि स्थान यांची परवानगी मात्र ओळख पटवण्यासारख्या कामापुरती, एकदाच आणि कर्जदाराच्या स्पष्ट संमतीने घेता येते. गूगलनेही आपल्या प्ले स्टोअरवर 31 मे 2023 पासून वैयक्तिक कर्ज देणाऱ्या ॲपना संपर्क, छायाचित्रे, चित्रफिती आणि अचूक स्थान मागण्यास बंदी घातली आहे. थोडक्यात, संपर्कांची यादी मागणारे कर्ज ॲप एकाच वेळी देशाच्या मध्यवर्ती बँकेचा आणि ज्या दुकानातून ते उतरवले त्या दुकानाचा, असे दोन नियम मोडत असते. ‘ही मागणी योग्य आहे का’ यावर खल करण्याचे कारणच उरत नाही.

तरीही लोक फसतात, कारण मागणी समजुतीच्या भाषेत येते. ‘आपली पत तपासण्यासाठी’, ‘आपत्कालीन संपर्कासाठी’, ‘कागदपत्रे चढवण्यासाठी’ अशी कारणे दिली जातात. यातील प्रत्येक कामासाठी साधा पर्याय उपलब्ध आहे. संदर्भासाठी दोन व्यक्तींची नावे हवी असतील तर ती हाताने टंकता येतात, त्यासाठी आठशे क्रमांकांची यादी उघडावी लागत नाही. पॅन कार्डाचे चित्र द्यायचे असेल तर फोनची स्वतःची चित्र-निवड खिडकी उघडते आणि वापरकर्ता निवडेल तेवढेच एक चित्र ॲपकडे जाते, बाकीची चित्रदालने बंदच राहतात. नव्या अँड्रॉइड फोनवर आणि आयफोनवर निवडक छायाचित्रांपुरतीच परवानगी देण्याची सोय आहे. ‘सर्व छायाचित्रे द्या, नाहीतर पुढे जाता येणार नाही’ असे म्हणणाऱ्या ॲपला कागदपत्रापलीकडचे काही हवे आहे, असाच त्याचा अर्थ.

एक प्रसंग कल्पून तपासणी क्रमाने करून पाहणे सोयीचे होईल. समजा, इचलकरंजीतील एका यंत्रमाग कामगाराला दवाखान्याच्या बिलासाठी तातडीने पाच हजार रुपये हवे आहेत. व्हॉट्सॲपवर आलेल्या एका दुव्यातून त्याला एक ॲप दिसते. पाच मिनिटांत कर्ज, पगारपत्रकाची गरज नाही, ‘रिझर्व्ह बँक नोंदणीकृत’ अशी जाहिरात आहे. तो शारजात असलेल्या भावाला विचारतो, ‘दादा, हे घेऊ का?’ भावाने उत्तर देण्याआधी मागायची पहिली गोष्ट म्हणजे तो दुवा.

दुवा प्ले स्टोअरचा नसून थेट फाइल उतरवणारा असेल, म्हणजे फोन ‘अनोळखी स्रोतावरून ॲप बसवू द्यायचे का’ असे विचारत असेल, तर तपासणी तिथेच संपते. प्ले स्टोअरचा परवानगीविषयक अटकाव अशा ॲपला लागूच होत नाही. दुवा प्ले स्टोअरचा असेल तर त्यात `id=` या अक्षरांनंतर ॲपचे तांत्रिक नाव असते. पडद्यावर दिसणारे नाव आणि बोधचिन्ह कुणालाही नकलता येते, पण हे तांत्रिक नाव प्ले स्टोअरवर एका वेळी एकाच ॲपचे असते. म्हणून पुढच्या सर्व ताळ्यासाठी तेच टिपून ठेवावे.

प्ले स्टोअरचे पान शारजात बसूनही संगणकावर उघडता येते. तिथे ‘About this app’ मध्ये खाली गेले की ‘App permissions’ असा भाग मिळतो. ॲप फोनवर न घेता ते काय काय मागू शकते याची यादी तिथे वाचता येते. त्यात ‘Contacts’ खाली संपर्क वाचण्याचा उल्लेख किंवा ‘Photos/Media/Files’ खाली फोनमधील साठा वाचण्याचा उल्लेख असेल, तर हे कर्ज ॲप नाकारण्यास तेवढे पुरे आहे. त्याच पानावर ‘Data safety’ नावाचा आणखी एक भाग असतो, पण तो ॲप बनवणाऱ्याने स्वतः भरलेला असतो. परवानग्यांची यादी मात्र ॲपमध्येच नोंदलेल्या मागण्यांवरून येते. दोहोंत तफावत दिसली तर विश्वास यादीवर ठेवावा. यादी निर्दोष असली तरी पुढे डोळे उघडे ठेवावेच लागतात, कारण ॲपची नवी आवृत्ती आली की मागण्याही बदलू शकतात. सुरुवातीला खर्चाची वही किंवा व्याजाचे गणकयंत्र म्हणून आलेली ॲप नंतर कर्जाच्या धंद्यात उतरल्याची उदाहरणे या क्षेत्रात नवी नाहीत.

मुदतीचा भाग तितकाच बोलका असतो. ज्या कर्जाची पूर्ण परतफेड 60 दिवसांत किंवा त्याहून कमी काळात करावी लागते, असे वैयक्तिक कर्ज देणाऱ्या ॲपना प्ले स्टोअर परवानगी देत नाही. त्यामुळे लबाड ॲपच्या वर्णनात ‘91 ते 365 दिवस’ अशी भारदस्त मुदत लिहिलेली असते आणि आत शिरल्यावर सात दिवसांची मुदत समोर येते. वर्णन आणि प्रत्यक्ष यांतील ही तफावत कर्जदारांच्या अभिप्रायांत हमखास सापडते. फक्त अभिप्राय वाचताना ‘नवीनतम’ क्रम लावून एक तारा देणारे अभिप्राय आधी वाचावेत. पाच तारे देणारी एकाच साच्यातील शेकडो वाक्ये पैसे देऊन मिळवता येतात. ‘माझ्या भावाला फोन केला’, ‘न मागता पैसे टाकले’, ‘सात दिवसांत परत मागतात’ अशा तक्रारी निरनिराळ्या माणसांनी निरनिराळ्या शब्दांत केलेल्या असतील, तर त्या खोट्या असण्याचा संभव कमी.

आता येतो सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: कर्ज देणारा कोण? ॲप हे बहुधा नुसते दार असते. त्यामागे रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालील बँक किंवा बिगर-बँक वित्तीय कंपनी असावी लागते. तिचे नाव ॲपच्या वर्णनात ठळकपणे लिहिण्याचे बंधन भारतात प्ले स्टोअरनेही घातले आहे. ते नाव सापडत नसेल तर बोलणेच खुंटले. पण नाव सापडले म्हणजे काम झाले, असेही नाही. खोट्या ॲपवाल्यांनी खऱ्या वित्तीय कंपनीचे नाव, तिचा नोंदणी क्रमांक, एवढेच नव्हे तर तिच्या प्रमाणपत्राचे चित्रही उचलून लावणे अगदी सोपे आहे. कर्जदार ते नाव रिझर्व्ह बँकेच्या यादीत शोधतो, ते तिथे सापडते आणि तो निश्चिंत होतो. चूक इथेच होते. त्याने कंपनी खरी आहे हे तपासले, पण ॲप त्या कंपनीचे आहे हे तपासलेच नाही.

म्हणून तपासणीची दिशा उलटी ठेवावी. ॲपने दिलेल्या दुव्यावरून कंपनीकडे जाऊ नये, कंपनीकडून ॲपकडे यावे. आधी rbi.org.in वरील बिगर-बँक वित्तीय कंपन्यांच्या यादीत नाव पाहावे. मग त्या कंपनीचे संकेतस्थळ स्वतंत्रपणे शोधून उघडावे. आपण कोणकोणत्या ॲपमार्फत आणि कोणकोणत्या मध्यस्थांमार्फत कर्ज देतो हे आपल्या संकेतस्थळावर जाहीर करणे वित्तसंस्थेला बंधनकारक आहे. तिथे हे ॲप नसेल तर ॲपच्या पानावर कंपनीचे नाव कितीही मोठ्या अक्षरांत असले तरी त्याला किंमत नाही. तिसरा ताळा रिझर्व्ह बँकेच्या त्याच संकेतस्थळावरील डिजिटल कर्ज ॲपच्या यादीशी घ्यावा. तिन्ही ठिकाणी ॲप व कंपनी यांची एकच जोडी दिसली पाहिजे. मग शेवटी कंपनीच्या संकेतस्थळावरील दुव्यानेच प्ले स्टोअरवर जावे आणि आधी टिपलेले तांत्रिक नाव अक्षरशः तेच आहे का ते पाहावे. एखाद्या अक्षराचा किंवा शेवटी जोडलेल्या ‘प्लस’, ‘प्रो’ यांसारख्या शब्दाचा फरक हा सहसा टंकनदोष नसतो.

रिझर्व्ह बँकेच्या ॲप यादीची मर्यादाही ध्यानात घ्यावी. ही यादी वित्तसंस्थांनी स्वतः भरलेल्या माहितीवरून प्रसिद्ध होते, रिझर्व्ह बँक प्रत्येक ॲप उघडून त्याची परीक्षा घेत नाही. यादीत नाव नसणे हा ॲप नाकारण्याचा भक्कम आधार आहे. यादीत नाव असणे म्हणजे कुणीतरी नियमनाखालील संस्था त्या ॲपची जबाबदारी घेते आणि तक्रार कुणाविरुद्ध करायची ते ठाऊक आहे, एवढेच. ते सद्वर्तनाचे प्रमाणपत्र नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘कॅशबीन’ हे ॲप चालवणाऱ्या पीसी फायनान्शियल सर्व्हिसेस या कंपनीचे नोंदणी प्रमाणपत्र रद्द केले. तेव्हा दिलेल्या कारणांत कर्जदारांकडून अवाजवी व्याज व शुल्क अपारदर्शक रीतीने घेणे आणि वसुलीसाठी रिझर्व्ह बँक व सीबीआय यांची बोधचिन्हे विनापरवाना वापरणे यांचा समावेश होता. ही नोंदणीकृत कंपनी होती. म्हणून कागद खरा ठरल्यानंतरही परवानग्यांची आणि खर्चाची तपासणी टळत नाही.

‘नोंदणीकृत’ या शब्दानेही अनेकांची दिशाभूल होते. कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे कंपनी म्हणून नोंदणी असणे, वस्तू व सेवा कराचा क्रमांक असणे, लघुउद्योग म्हणून प्रमाणपत्र असणे किंवा एखादे आयएसओ मानांकन असणे, यांपैकी कशानेही कर्ज देण्याचा परवाना मिळत नाही. इचलकरंजीच्या उदाहरणात ‘रिझर्व्ह बँक नोंदणीकृत’ या जाहिरातीखाली बारीक अक्षरांत कंपनीचा ओळख क्रमांक दिलेला असेल, तर तो कंपनी अस्तित्वात असल्याचा पुरावा आहे, तिला कर्ज देता येते याचा नव्हे. महाराष्ट्रात खासगी सावकारीसाठीही 2014 च्या सावकारी नियमन अधिनियमाखाली परवाना लागतो. तेव्हा ‘आम्ही बँक नाही, म्हणून आम्हाला परवान्याची गरज नाही’ हा युक्तिवाद टिकणारा नाही.

खर्चाची तपासणी करताना व्याजाचा दर विचारण्यापेक्षा हातात किती पडणार आणि परत किती द्यायचे, हे विचारावे. खोट्या ॲपचा नमुना साधारण असा असतो: मंजूर रक्कम 5,000 रुपये, त्यातून ‘प्रक्रिया शुल्क’, ‘पडताळणी शुल्क’ म्हणून 1,800 रुपये आधीच कापले जातात, खात्यात 3,200 येतात आणि सात दिवसांनी पूर्ण 5,000 मागितले जातात. पडद्यावर व्याज नाममात्र दाखवलेले असेल, प्रसंगी शून्यही. प्रत्यक्षात 3,200 रुपयांच्या वापरासाठी आठवड्याला 1,800 रुपये, म्हणजे सव्वाछप्पन्न टक्के पडले. साध्या हिशेबाने हा वार्षिक दर 2,900 टक्क्यांच्या पुढे जातो. सातव्या दिवशी पैसे नसतात, तेव्हा तेच ॲप किंवा त्याचे भावंड असलेले दुसरे ॲप आधीचे फेडायला नवे कर्ज देऊ करते. पाच हजारांचे लाखभर असेच होतात.

खऱ्या संस्थेचा व्यवहारही स्वस्तच असतो असे नाही, पण तो कागदावर दिसतो. समजा, 20,000 रुपये सहा महिन्यांसाठी 24 टक्के वार्षिक व्याजाने घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 3,571 रुपये येतो. प्रक्रिया शुल्क 500 रुपये आणि त्यावर 18 टक्के कर मिळून 590 रुपये आधी कापले, तर हातात 19,410 पडतात. एकूण परतफेड 21,426, म्हणजे कर्जाची एकंदर किंमत 2,016 रुपये. शुल्क धरून काढलेला वार्षिक खर्चाचा दर मग 24 न राहता 35 टक्क्यांच्या आसपास जातो. लहान मुदतीच्या कर्जात शुल्काचा भार किती मोठा होतो हे यावरून दिसते. हा सर्वसमावेशक दर लपून राहू नये म्हणूनच कर्ज घेण्यापूर्वी ‘मुख्य तथ्य विवरण’ देण्याचे बंधन आहे. पडद्यावर आणि कागदपत्रांत त्याचे इंग्रजी नाव ‘Key Facts Statement’ असे दिसते. त्यात हा वार्षिक दर, सर्व शुल्के, वसुलीची पद्धत आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील असतो. त्यात न लिहिलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून आकारता येत नाही. सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जासाठी हे विवरण किमान तीन कामकाजाचे दिवस वैध राहिले पाहिजे, म्हणजे ते घरी वाचून, कुणाला तरी दाखवून मग निर्णय घेता येतो. ‘दहा मिनिटांत स्वीकारा, नाहीतर संधी जाईल’ असे घड्याळ पडद्यावर फिरत असेल तर ते घड्याळ नियमात बसणारे नाही.

इथे अडचण अशी, की विवरण बऱ्याचदा परवानग्या मागून झाल्यावर समोर येते. त्यावर व्यवहार्य तोड आहे. ॲप सुरू करताना संपर्क, छायाचित्रे, कॉल नोंद आणि फाइल या सर्व मागण्यांना ‘Don’t allow’ म्हणावे. कॅमेऱ्याला ‘Only this time’ म्हणावे आणि स्थान विचारले तर अंदाजे स्थानाचा पर्याय निवडावा. खरे ॲप एवढ्यावर पुढे चालते, कारण नियमाने त्याला बाकीचे मागताच येत नाही. नकार देताच बंद पडणारे, पुन्हा पुन्हा तीच खिडकी उघडणारे किंवा ‘सेटिंगमध्ये जाऊन सुरू करा’ असे सांगणारे ॲप आपली ओळख स्वतःच देते. ही कसोटी सोपी आणि खात्रीची आहे, मात्र तिच्यापूर्वी आधार, पॅन किंवा बँक खात्याचा तपशील भरलेला नसावा.

लघुसंदेश वाचण्याच्या परवानगीचा प्रश्न जरा निराळा आहे. बँकेचे संदेश वाचून उत्पन्नाचा अंदाज घेणारी ॲप ही मागणी करतात, आणि त्यांतील सर्वच खोटी नसतात. परंतु त्याच पेटीत ओटीपीही येतात. खात्याचा तपशील देणे भागच असेल तर रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणाऱ्या ‘अकाउंट अ‍ॅग्रिगेटर’ व्यवस्थेतून तो ठरावीक काळापुरता आणि ठरावीक कामापुरता देता येतो, किंवा खात्याचा उतारा स्वतः चढवता येतो. संदेशांची संपूर्ण पेटी उघडण्यापेक्षा हे दोन्ही मार्ग बरे.

शेवटची खूण पैशाच्या वाटेची. कर्जाची रक्कम वित्तसंस्थेच्या खात्यातून थेट कर्जदाराच्या खात्यात आली पाहिजे आणि परतफेडही थेट तिच्याच खात्यात गेली पाहिजे, मध्ये ॲपवाल्याचे खाते असता कामा नये, असा नियम आहे. त्यामुळे कर्ज देण्यापूर्वी ‘विमा’, ‘फाइल’ किंवा ‘जीएसटी’ म्हणून पैसे मागणारा माणूस कर्ज देणारा नसतो. बँकेच्या उताऱ्यावर पैसे पाठवणाऱ्याचे नाव भलत्याच व्यापारी पेढीचे दिसणे आणि परतफेडीसाठी कुणा व्यक्तीचा यूपीआय पत्ता मिळणे, या दोन्ही गोष्टी तितक्याच गंभीर आहेत. खरे कर्ज घेतल्यानंतर विचार बदलला, तर मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा प्रमाणशीर खर्च देऊन बाहेर पडण्याची किमान एक दिवसाची मुदतही नव्या निर्देशांनुसार मिळते. खोट्या ॲपला हा शब्द विचारून पाहावा, उत्तर येत नाही.

ही सर्व तपासणी प्रत्यक्षात अर्ध्या तासाचे काम आहे. दवाखान्यात बसलेल्या माणसाकडे तो अर्धा तास नसतो, हे खरे, आणि झटपट कर्जाचा सारा बाजार त्याच घाईवर उभा आहे. म्हणूनच ती दुसऱ्या कुणीतरी करणे अधिक शहाणपणाचे. शारजातील भाऊ प्ले स्टोअरचे पान, कंपनीचे संकेतस्थळ आणि रिझर्व्ह बँकेच्या दोन याद्या आपल्या संगणकावर उघडून पाहू शकतो. त्याला फक्त दुवा हवा. पाच हजार रुपये त्याने स्वतःच पाठवले तर प्रश्न मिटतो, असे कुणी म्हणेल. पुष्कळदा तो पाठवेलही. अडचण अशी, की या कर्जांची गंमतच मुळी घरच्यांपासून लपवण्याच्या सोयीत असते, आणि विचारणारा धाकटा भाऊ दर वेळी विचारत नाही.

परवानगी आधीच दिली गेली असेल तर परवानगी काढून घ्यावी, पण ॲप पुसण्यापूर्वी कर्जाच्या तपशिलाची, संभाषणांची आणि पैसे मागणाऱ्या पत्त्यांची पडदाचित्रे घ्यावीत, कारण ॲपबरोबर पुरावाही जातो. संपर्कातील लोकांना आपणहून एक ओळीचा संदेश पाठवावा, की फोनमधील माहिती चोरीस गेली असून खोटी चित्रे येण्याची शक्यता आहे. धमकीची निम्मी धार त्या एका ओळीने जाते. तक्रार 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in वर नोंदवता येते. विनापरवाना कर्ज देणाऱ्यांची माहिती sachet.rbi.org.in वर देता येते. वित्तसंस्था खरी असेल आणि तिने 30 दिवसांत तक्रारीचे निवारण केले नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. खोट्या ॲपच्या बाबतीत लोकपालाचा उपयोग होत नाही, तिथे मार्ग पोलिसांचाच.

आणि परदेशात असलेल्या ज्या माणसाला कर्ज न घेताच धमकीचा संदेश आला आहे, त्याने तो पुसू नये, त्याला उत्तर देऊ नये आणि ‘प्रकरण मिटवण्यासाठी’ पैसेही पाठवू नयेत. कुणा नातेवाइकाने त्याचे नाव संदर्भ म्हणून दिले असले तरी तेवढ्याने तो जामीनदार होत नाही. संदेशाचे पडदाचित्र, पाठवणाऱ्याचा क्रमांक आणि वेळ असे तिन्ही त्याने गावाकडच्या कर्जदाराला पाठवावे, म्हणजे ते तिथल्या तक्रारीला जोडता येते.